भिंतीआड जाण्याआधीची लाईन : जुळे सोलापुरातल्या एका घराच्या प्रेशर टेस्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुळे सोलापुरातलं तळमजला अधिक एक मजल्याचं घर. खाली स्वयंपाकघर आणि एक बाथरूम, वर दोन बाथरूम, त्यातली एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. स्लॅबवर टाकी. पाण्याची सगळी लाईन सीपीव्हीसीची, पाऊण इंची आणि एक इंची, विटांच्या भिंतीत झिऱ्या मारून बसवलेली. साईटवर देखरेखीचं काम माझ्याकडे होतं. एप्रिलचा पहिला पंधरवडा होता, दुपारी पारा चाळिशीच्या वर जात होता, आणि घरमालकांनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता. टाईल्सचा मेस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

मी साईटवर पोचलो तेव्हा प्लंबर मेस्त्री सामान आवरत होते. म्हणाले, "साहेब, टेस्ट झाली. काल टाकी जोडून लाईन रात्रभर भरून ठेवलेली. कुठं थेंब नाही." वीस वर्षं हे काम करणारा, हात साफ असलेला माणूस. खोटं बोलत नव्हते. थेंब खरंच कुठे दिसत नव्हता.

अडचण

टाकीचं पाणी म्हणजे किती दाब, हा पहिला प्रश्न. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण १ किलोचा दाब मिळतो (किलो म्हणजे गेजवरचा किलो प्रति चौरस सेंटिमीटर). वरच्या मजल्यावरच्या बाथरूमला टाकीपासून जेमतेम चार मीटर उंची मिळत होती, म्हणजे ०.४ किलो. खाली ०.७ किलो. आणि घरमालकांनी शॉवरसाठी पुढे प्रेशर पंप बसवायचं आधीच ठरवलं होतं, म्हणजे रोजचा दाब २ ते ३ किलोवर जाणार. शिवाय नळ झटकन बंद केला की क्षणभर त्याहून मोठा धक्का बसतो. सीपीव्हीसीचा पाईप फिटिंगमध्ये मुळातच घट्ट बसतो. सांधे जोडायचं सोल्युशन नीट न लागलेला सांधाही ०.४ किलोला नुसत्या घट्टपणावर पाणी धरून ठेवतो. तो सहा महिन्यांनी, पंप लागल्यावर, टाईल्सच्या मागे सुटतो.

दुसरी गोष्ट मला भिंतीपाशी उभं राहिल्यावर लक्षात आली. गीझर अजून बसलेले नव्हते. गीझरच्या दोन्ही पॉइंटना डमी प्लग लावलेले, आणि भिंतीतला, गरम-गार पाणी एकत्र करणारा डायव्हर्टर बंद. म्हणजे टाकीचं पाणी फक्त गार लाईनमध्ये गेलं होतं. तिन्ही बाथरूमच्या गरम लाईनमध्ये पाण्याचा थेंबही पोचला नव्हता. अर्धी लाईन कोरडीच होती, मग ती गळणार तरी कशी?

समोरचे पर्याय

टाकीच्या टेस्टवर विसंबून टाईल्सचं काम सुरू करायचं, हा एक पर्याय. मुहूर्त पाहता घरातल्या काकूंचा कल तिकडेच होता.

दुसरा पर्याय मेस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने सुचवला. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात नळ पाचव्या दिवशी येत होता आणि हौदात तळ दिसत होता. त्याचं म्हणणं, पाणी कशाला वाया घालवायचं, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणू, हवा भरू आणि साबणाचा फेस लावून बघू. हे मी तिथल्या तिथे नाकारलं. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे सांधा सुटला तर एक फवारा उडतो आणि दाब संपतो. हवा दाबली की स्प्रिंगसारखी ताकद साठवून बसते. १० किलो हवेने भरलेल्या प्लास्टिकच्या लाईनमधून डमी सुटला तर तो गोळीसारखा येतो, आणि पाईपच्या चिंध्या उडतात. प्लास्टिकची लाईन हवेने तपासू नये, पाणी कितीही टंचाईचं असो.

आणि पाणी लागतंच किती? पाऊण इंची पाईपच्या एका मीटरमध्ये पाव लिटर, एक इंचीत अर्ध्या लिटरहून थोडं कमी. मी बेरीज केली तर सगळ्या घराची लाईन १८ लिटरच्या आसपास भरत होती. पिण्याच्या पाण्याचा एक जार. त्यामुळे तिसरा पर्याय, हाताचा टेस्टिंग पंप भाड्याने आणून पाण्याने १० किलोला टेस्ट घ्यायची, हाच ठरला. पाईप त्याहून पुष्कळ जास्त दाब सोसतो. डायव्हर्टरच्या कागदावर त्याची मर्यादा तेवढी वाचून घेतली. टाईल्सवाल्याला एक दिवस पुढे ढकललं. काकू नाराज झाल्या, पण हो म्हणाल्या.

पहिला दिवस : भरणं आणि हवा

तिन्ही बाथरूममध्ये गीझरच्या दोन पॉइंटना जोडनळी लावून गरम आणि गार लाईन एक केली. टाकीकडचं टोक नुसत्या व्हॉल्व्हवर न सोडता एंड कॅपने बंद केलं, कारण व्हॉल्व्ह थोडासा जरी पास होत असला तरी सगळं वाचन फसतं. पंप आणि लाईन यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व्ह ठेवला आणि गेज लाईनच्या बाजूला लावलं. पंपाच्या आतली, पाणी उलटं येऊ न देणारी झडप बहुतेकदा झिजलेली असते. गेज पंपावरच ठेवलं तर पंपाची गळती लाईनच्या नावावर जाते.

पाणी खालच्या टोकाने, सावकाश भरत गेलो. वरचे पॉइंट उघडे ठेवले आणि पाण्याची धार बुडबुड्यांशिवाय आली की एकेक बंद केला. मग पंप मारायला सुरुवात केली आणि लगेच शंका आली. दांडा हलतोय, हलतोय, काटा मात्र रेंगाळतोय. १० किलोला पोचेपर्यंत पंपाच्या ट्रेमधलं पाणी दोन लिटरच्या आसपास उतरलं होतं.

नीट भरलेल्या १८ लिटरच्या लाईनला शून्यापासून १० किलोपर्यंत न्यायला फार तर ८० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे एका कटिंग चहाइतकं. पाणी किंचित आकसतं, पाईप किंचित फुगतो, आणि तेवढ्याच जागेत जास्तीचं पाणी मावतं. दोन लिटर गेलं याचा अर्थ आत दोन लिटर हवा अडकली होती आणि ती दाबली जात होती. ही हवा नुसती गैरसोयीची नसते, ती गळती लपवते. थोडं पाणी गळून गेलं की दाबलेली हवा फुगून ती जागा भरते, आणि काटा जवळजवळ तिथेच राहतो. हवा अडकलेल्या लाईनवर काटा स्थिर दिसला म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

हवा सापडली ती पश्चिमेच्या बाथरूमकडे जाणाऱ्या लाईनमध्ये. तिथे पाईप दाराच्या चौकटीवरून वर चढून पुन्हा खाली उतरत होता. उलट्या यू आकाराच्या त्या माथ्यावर हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. मेस्त्रींनी त्या बाथरूमचे पॉइंट उघडून खालून जोराने पाणी ढकललं, दोन-तीनदा हवेचा आवाज आला, मग धार सलग झाली. पुढच्या वेळी दीड कपात काटा १० किलोवर गेला. थोडी हवा उरली असेल, पण तेवढी चालण्यासारखी होती.

पहिली गळती आणि तिने दिलेला खोटा दिलासा

साडेपाचला १० किलो केले. अर्ध्या तासात काटा ९.६ वर आला. यात घाबरण्यासारखं काही नाही. प्लास्टिकचा पाईप दाबाखाली पहिल्या अर्ध्या तासात थोडा ताणतो. पुन्हा १० केले. तेवढ्यात स्वयंपाकघरात सिंकच्या पॉइंटखाली ओल दिसली. डमी प्लगच्या आट्यांतून पाणी येत होतं. दाब सोडला, प्लग काढून टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळली, पुन्हा बसवला. संध्याकाळी सातला १० किलो करून बॉल व्हॉल्व्ह बंद केला.

सगळ्यांना हायसं वाटलं. गळती शोधायची होती, ती सापडली. माझ्याही मनात तेच होतं आणि तीच माझी चूक. डमी प्लग हा टेस्टपुरता लावलेला तुकडा, नळ बसताना तो निघूनच जाणार. त्याची गळती सापडली म्हणून लाईनबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. पण एक दोष हाती लागला की माणूस शोधायचं थांबतो.

सकाळी सहाला काटा ८.२ वर होता.

निर्णयाची जागा : गारवा की गळती?

मेस्त्री म्हणाले, "रात्री गारवा पडतो, काटा उतरतोच. दुपारी बघा, परत चढंल." टाईल्सवाला खाली मोटरसायकलवर बसून होता.

मेस्त्रींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाणी थंड झालं की आकसतं, पाईपही आकसतो, पण आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला पाणी पाईपच्या पोटापेक्षा जास्त आकसतं. त्यामुळे बंद लाईनमधला दाब उतरतो. अशा लाईनला एका अंशामागे ढोबळ मानाने ०.३ किलो धरायला हरकत नाही. रात्रीत पाईप चार अंश निवला असेल तर १.२ किलो, सहा अंश निवला असेल तर १.८ किलो. म्हणजे अख्खी घट गारव्याच्या नावावर घालता येत होती. पण ती गारव्याचीच आहे असंही ठामपणे म्हणता येत नव्हतं, कारण पाईप किती निवला हे आम्हाला माहीतच नव्हतं. संध्याकाळी सातला पाईपचं तापमान घ्यायचं मला सुचलं नाही. पन्नास-शंभर रुपयांचा थर्मामीटर बांधला असता तर हा वादच उभा राहिला नसता.

आता तीन वाटा होत्या. गारवाच आहे असं मानून टाईल्स सुरू करायच्या. गळतीच आहे असं मानून पंप पुन्हा मारून शोधायला लागायचं. किंवा काहीच न करता, लाईनला हात न लावता, संध्याकाळी सातपर्यंत थांबायचं. एकाच वेळच्या दोन वाचनांत पाईपचं तापमान जवळपास सारखं असतं, म्हणून तिथे गारव्याची सबब उरत नाही.

मी तिसरी वाट धरली. टाईल्सवाल्याला परत पाठवताना त्याची त्या दिवसाची मजुरी द्यावी लागली. काकू स्पष्टच म्हणाल्या, "अहो, एका काट्यासाठी मुहूर्त घालवणार का?" त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की आज भिंत उघडी आहे, उद्या नसेल.

दुपारी तीनला काटा ९.४ वर चढला. मेस्त्री खूश झाले आणि मला वाटलं की आपण उगाच ताणलं. पण भर दुपारी, पाईप संध्याकाळपेक्षा तापलेला असताना, काटा १० च्या वर जायला हवा होता. तो तिथे पोचलाच नाही. संध्याकाळी सातला वाचन आलं ८.९. चोवीस तासांत, सारख्या उन्हात, १.१ किलो कमी.

ही गळती पाण्याच्या हिशेबात केवढी? काटा १ किलो उतरायला जेमतेम ८ मिलिलिटर पाणी जावं लागतं. म्हणजे दिवसभरात दोन चमचेही नाहीत, तासाला सात-आठ थेंब. सोलापूरच्या कोरड्या हवेत एवढं पाणी विटेत शिरून उडूनही जातं. डोळ्याला ओल दिसेल कशी?

गळती शोधणं

सुदैवाने मेस्त्रींनी प्रत्येक बाथरूमला वेगळा बॉल व्हॉल्व्ह दिलेला होता. लाईन पुन्हा १० किलोवर नेली, मग तिन्ही बाथरूमचे व्हॉल्व्ह बंद केले. गेज मुख्य लाईनवर, तिच्यात फक्त उभा पाईप आणि स्वयंपाकघर. रात्रभर तशीच ठेवली.

या पद्धतीत लहान तुकड्याचा फायदा मिळतो. तेच चार-पाच मिलिलिटर पाणी १८ लिटरच्या लाईनमधून गेलं तर काटा अर्धा किलो उतरतो. चार लिटरच्या एका बाथरूममधून गेलं तर त्या तुकड्याचा दाब दोन किलोहून जास्त पडतो. सकाळी मुख्य लाईनवर ८.७ होते. खालच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह उघडला, काटा हलला नाही. वरच्या पूर्वेच्या बाथरूमचा उघडला, हलला नाही. पश्चिमेचा उघडताच काटा झटकन ८.२ वर आला. त्या बाथरूममध्ये दाब आधीच पडलेला होता. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता छिन्नी उचलली.

पश्चिमेच्या बाथरूममधले उघडे सांधे सगळे कोरडे होते. प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास थांबलो, एकही डागाळला नाही. उरला डायव्हर्टरच्या मागचा, गीझरकडे जाणारा गरम लाईनचा एल्बो. तो दिसतच नव्हता. पाईप हलू नये म्हणून गवंड्याने तिथे आधीच सिमेंटचा मसाला भरून टाकला होता. चांगल्या मनाने केलेलं काम, पण नेमका सांधाच झाकला गेला. मसाला फोडला तेव्हा आतला थर गडद आणि गार लागला. एल्बो मोकळा करून टिश्यू गुंडाळला. वीस मिनिटांत एका कडेला नखाएवढा ओला ठिपका उमटला.

तो एल्बो गरम लाईनवर होता. जोडनळी लावून दोन्ही लाईन एक केल्या नसत्या तर या सांध्यापर्यंत पाणी गेलंच नसतं.

सांधा का फसला

तो तुकडा कापून काढला आणि मेस्त्रींनी आरीने एल्बो उभा चिरला. एका बाजूला पाईप आणि एल्बो एकजीव झाले होते, फट शोधूनही सापडेना. दुसऱ्या बाजूला सोल्युशनचा थर वॉर्निशसारखा चकचकीत, आणि नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता.

त्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीचे सांधे दुपारी दोनच्या सुमारास झाले होते. पाईप सकाळपासून गच्चीवर उन्हात पडलेले, हाताला चटका बसेल इतके तापलेले. सीपीव्हीसीचं सोल्युशन चिकटवत नाही, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं. तापलेल्या पाईपवर त्यातला द्रव काही क्षणांत उडतो आणि वर साय धरते. साय धरल्यावर पाईप आत ढकलला की ती नुसती सरकते, एकजीव होत नाही. डायव्हर्टरच्या मागे हात जायला जागा कमी, म्हणून लावण्यात आणि बसवण्यात वेळ गेला असणार. मेस्त्रींनीच हे सगळं जुळवून सांगितलं. त्यांना त्या सांध्यापाशी अडकलेला हात आठवत होता.

केलेली दुरुस्ती आणि निकाल

नवा एल्बो दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत बसवला. पाईप रात्रभर सावलीत ठेवलेला, सोल्युशन दोन्ही बाजूंना भरपूर, आत ढकलताना पाव वळसा आणि मग अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवलेला. त्याच दुपारी झालेले त्या भिंतीवरचे आणखी दोन सांधे मेस्त्रींनी आपणहून कापून नवे केले. टेस्टमध्ये ते दोषी ठरलेले नव्हते. त्यावर आमचा थोडा वाद झाला, कारण चांगला सांधा कापून नवा करणं म्हणजे एकाच्या जागी दोन-तीन नवे सांधे वाढवणं. पण त्यांची खात्री नव्हती, आणि हात त्यांचे होते.

चोवीस तास सांधे वाळू दिले. मग संध्याकाळी सातला १० किलो. या वेळी पाईपला थर्मामीटर बांधून, त्यावर कापड गुंडाळून, वाचनं वहीत लिहिली. सकाळी पाईप पाच अंश निवलेला होता आणि काटा ८.४ वर. आता कुणी घाबरलं नाही. दुसऱ्या दिवशी सातला ९.९. गेजवरच्या दोन रेघांमध्ये ०.२ किलोचं अंतर होतं, त्यामुळे ०.१ चा फरक डोळ्याच्या चुकीत जातो. लाईन पास धरली.

दाब पूर्ण सोडला नाही. ३ किलोवर ठेवून गेज तसंच राहू दिलं आणि टाईल्सचं काम त्याच दाबाखाली झालं. कुणाची छिन्नी किंवा ड्रिल पाईपला लागलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं. भिंती झाकण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून, जमिनीपासूनची उंची दिसेल असे फोटो काढले.

मुहूर्त साधला तो अर्धाच. खालचं बाथरूम आणि स्वयंपाकघर वेळेत झालं, वास्तुशांत झाली. वरची पश्चिमेची बाथरूम दहा दिवसांनी पुरी झाली. काकूंनी पाहुण्यांना तिचं दार बंद ठेवून घर दाखवलं, आणि ते त्यांना लागलं होतं हे मला दिसत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

उशीर टेस्टमुळे झाला असं घरात सगळे म्हणत होते. माझ्या मते तो टेस्ट आणि टाईल्स यांच्यात एकही मोकळा दिवस न ठेवल्यामुळे झाला, आणि तो हिशेब माझा होता. सांधे वाळायला एक दिवस, संध्याकाळ ते संध्याकाळ वाचनाला एक दिवस, काही सापडलं तर दुरुस्ती आणि फेरटेस्टला आणखी दोन-तीन. हे दिवस कागदावर आधी मांडले असते तर टाईल्सवाला खाली गाडीवर बसून राहिला नसता, आणि सकाळच्या ८.२ कडे बघताना आमच्यावर त्याचं ओझं नसतं.

गवंड्याला आधी बोलायला हवं होतं. पाईप पक्का करायचा तर मधल्या सरळ लांबीवर क्लॅम्प किंवा मसाला चालतो, सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी हवी. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मेस्त्री आता उन्हाळ्यात अकरानंतर सोल्युशनचा डबा बंद करतात आणि दुपारी झिऱ्या मारण्याचं काम घेतात. मी टाईल्सच्या मेस्त्रीला तारीख देतच नाही. वहीत सातची दोन वाचनं, एक दिवसाच्या अंतराने, पाईपच्या तापमानासह लिहून झाली की मग त्याला फोन करतो.